‘मिसमॅच्ड डिफेक्ट’ला मराठीत काय म्हणावं?

शेवंती
शब्द हवा आहे, जरा घाईत. मावशी ६४ वर्षांची. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि नवव्या दिवशी न्हाणीघरातून खोलीत येता येता एकदम धाप लागली. छातीचा एक्स-रे स्वच्छ. फुफ्फुसात गुठळी गेली असावी असा डॉक्टरांना संशय, पण मूत्रपिंडं थकलेली, क्रिएटिनिन ३.१, ईजीएफआर १६. त्यामुळे डाय देऊन सीटी नको म्हणाले आणि व्हीक्यू स्कॅन केला. रिपोर्टात लिहिलंय ‘मल्टिपल सेगमेंटल मिसमॅच्ड परफ्यूजन डिफेक्ट्स’, आणि खाली एका ठिकाणी ‘स्मॉल मॅच्ड डिफेक्ट’. काकांना इंग्रजी फारसं कळत नाही, म्हणून मी वहीत लिहून दिलं: ‘रक्तपुरवठ्यातले न जुळणारे दोष’. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “कशाशी जुळत नाहीत? रक्तगट का?” मला उत्तर देता येईना.

पुणेरी_पाटी
मिसमॅच म्हणजे विसंगती. स्कॅनमध्ये दोन चाचण्या असतात, एक हवेची आणि एक रक्ताची. दोन्हींचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत, म्हणजे चाचणी अनिर्णित राहिली. सरळ ‘विसंगत निष्कर्ष’ लिहा आणि स्कॅन पुन्हा करायला सांगा.

गामा
पाटीराव, दोन चाचण्या म्हणालात ते बरोबर, ‘अनिर्णित’ मात्र पार उलटं. मी बावीस वर्षं हेच स्कॅन करतोय. इथे न जुळणं हाच निकाल आहे, स्कॅन फसल्याची खूण नव्हे. तुमचं ऐकून काका औषध थांबवून पुन्हा स्कॅनच्या रांगेत बसले तर पंचाईत व्हायची.

आम्ही दोन नकाशे काढतो. आधी मावशींनी तोंडातल्या नळीतून किरणोत्सारी फवारा श्वासाबरोबर आत घेतला असेल. तो जिथे जिथे पोचला तिथे हवा पोचते आहे. मग शिरेतून किरणोत्सारी टेक्नेशियम लावलेले अल्ब्युमिन या प्रथिनाचे बारीक कण सोडतात, काही लाख. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, आणि हे कण बहुतेक दहा ते नव्वद मायक्रॉनचे. त्यामुळे ते फुफ्फुसाच्या अगदी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि तिथूनच कॅमेऱ्याला दिसतात. गुठळी शोधायला आपणच लाखभर इवल्या गुठळ्या सोडतो म्हणा ना. हजारात एखादीच वाहिनी अडते आणि काही तासांत कण विरघळून जातात, म्हणून त्रास होत नाही.

आता दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. फुफ्फुसाच्या धमनीच्या शाखेत गुठळी बसली तर तिच्या पुढच्या भागात कण पोचत नाहीत, रक्ताच्या नकाशावर ती जागा रिकामी दिसते. पण श्वासनलिकेला गुठळीशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे हवेच्या नकाशावर तीच जागा भरलेली. एकीकडे रिकामी, दुसरीकडे भरलेली, याला मिसमॅच म्हणतात.

शेवंती
मग मॅच झालं म्हणजे चांगलं? पत्रिका जुळल्यासारखं?

गामा
चांगलं नाही, वेगळं. मॅच म्हणजे त्या जागी हवाही कमी आणि रक्तही कमी. दमेकरी, जुना सिगारेटवाला, न्यूमोनिया झालेला माणूस, यांच्यात हे हमखास दिसतं. जिथे हवा नीट येत नाही तिथलं रक्त फुफ्फुस स्वतःच आवरतं घेतं, वाहिन्या आकसतात. म्हणजे दुखणं मुळात हवेच्या बाजूचं असतं आणि रक्त मागोमाग कमी होतं. मावशींचा एक छोटा ‘मॅच्ड’ बहुधा तसलाच, पण तो कुठे आहे हे कळल्याशिवाय मी त्यावर बोलणार नाही.

तात्या_सांगलीकर
सोपं करून सांगतो. आमच्या गल्लीत वीज आहे पण नळाला पाणी नाही, म्हणजे पाइपलाइन कुठेतरी तुंबली. तो मिसमॅच. वीजही नाही, पाणीही नाही, म्हणजे पालिकेनं सगळी गल्लीच खणून ठेवली आहे. तो मॅच. 😄
बाकी एक शंका. माझ्या मेव्हण्याला कोळंबी चालत नाही, अंगावर गांधी उठतात. त्यालाही सीटीचा डाय नको म्हणून हाच स्कॅन करायला सांगितला होता. आयोडीनमुळे ना?

गामा
गल्लीचं उदाहरण उचलतो, उद्यापासून वापरीन. फक्त तुमच्या गल्लीत वीज गेली म्हणून नळ आपोआप बंद होत नाही, फुफ्फुसात होतो.
मेव्हण्यांचं म्हणाल तर कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नाही. तेवढ्यावर डाय टाळायचं कारण नाही. आधी प्रत्यक्ष डाय दिल्यावरच घसा सुजला, बीपी पडलं असं काही झालं असेल तर गोष्ट वेगळी. मावशींचं कारण मूत्रपिंडाचं आहे, ते रास्त आहे. आमच्या औषधात आयोडीन नसतं आणि मूत्रपिंडाला धक्का बसत नाही.

निवृत्त_मास्तर
वैद्यकातलं मला कळत नाही, पण ‘दोष’ या शब्दावर माझी हरकत आहे. दोष म्हटलं की वात-पित्त-कफ आठवतात, नाहीतर जन्मजात व्यंग. इथे तर, मला समजलं ते असं, की फुफ्फुस बिघडलेलं नाही, चित्रात एक जागा रिकामी राहिली आहे. मग ‘खंड’ का नको? पावसानं खंड दिला म्हणतो तसा रक्तपुरवठ्याचा खंड. आणि ‘मिसमॅच्ड’ला ‘विजोड’. किती नेमका शब्द पडून आहे!

गामा
मास्तर, ‘खंड’ सुरेख आहे, पण आमच्याकडे तो आधीच अडलेला आहे. फुफ्फुसाचे खंड उजवीकडे तीन, डावीकडे दोन, असं शाळेपासून शिकवतात. ‘खालच्या खंडात खंड’ लिहिलं तर डॉक्टरसुद्धा गोंधळतील.

निवृत्त_मास्तर
मान्य. मग ‘रिकामी जागा’च म्हणा. कविता नको, काकांना कळायला हवं.

मीनल_मस्कत
मला सात महिन्यांची गरोदर असताना हा स्कॅन केला होता, पण फक्त इंजेक्शनचा. हवेचा केलाच नाही. म्हणजे माझा अर्धवटच झाला का? जुळणं-न जुळणं पाहायला दोन चित्रं तर लागणारच. आता वाचून धास्ती वाटतेय.

गामा
नका घाबरू. रक्ताचा नकाशा पूर्ण भरलेला निघाला तर रिकामी जागाच नाही, मग जुळवायचं काय? गरोदरपणात मुद्दाम आधी रक्ताचाच करतात, औषधाची मात्राही कमी ठेवतात. तो नॉर्मल आला की तिथेच थांबतात, बाळाला किरणोत्सर्ग तेवढा कमी. तुमचा अर्धवट नव्हे, शहाणपणाचा होता.

शेवंतीताई, रिकाम्या जागा कुठे आहेत आणि आकार कसा आहे ते टाका. नाव-गाव खोडून.

शेवंती
रक्त: उजव्या खालच्या लोबच्या लॅटरल बेसल आणि पोस्टेरियर बेसल सेगमेंटमध्ये ‘लार्ज, वेज शेप्ड’. डावीकडे लिंग्युलाच्या सुपीरियर सेगमेंटमध्ये तसाच एक. हवा: तिन्ही ठिकाणी ‘प्रिझर्व्ह्ड’. डाव्या शेंड्याला छोटा मॅच्ड. शेवटी ‘हाय प्रॉबॅबिलिटी’.

गामा
आता चित्र उभं राहिलं. ‘वेज’ म्हणजे पाचर. पाचरीचा रुंद भाग फुफ्फुसाच्या बाहेरच्या कडेला, टोक आत. धमनीची एक फांदी जेवढा भाग पोसते त्याचा आकारच तसा असतो, म्हणून फांदी बंद झाली की पाचरच दिसते. नुसता ओबडधोबड डाग असता, किंवा रिकाम्या जागेच्या बाहेर कडेला रक्ताची पट्टी शिल्लक असती, तर मी गुठळीवर एवढा भर दिला नसता. सेगमेंट म्हणजे खंडाचा एक उपभाग, आणि ‘लार्ज’ म्हणजे त्या सेगमेंटचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग. अशा दोन जागा असल्या तरी जुन्या नियमांनी ‘हाय’ म्हणतात, इथे तीन आहेत आणि एक्स-रे तिथे स्वच्छ आहे. एक्स-रेवर त्याच जागी पांढरं दिसलं असतं तर असं ठाम बोलता आलं नसतं. शेंड्याचा छोटा मॅच्ड या निष्कर्षाला हलवत नाही.

पुणेरी_पाटी
चूक मान्य. पण मग ‘प्रॉबॅबिलिटी’ कशाला? आहे की नाही ते सांगा ना. की ‘लो’ आलं म्हणजे नाही समजायचं?

गामा
नेमकं हेच समजू नका. १९९० साली अमेरिकेत पायोपेड नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘हाय’ आलेल्या आणि अँजिओग्राफीनं, म्हणजे धमन्यांत डाय सोडून, तपासलेल्या लोकांत शंभरातल्या ८८ जणांना खरंच गुठळी होती. म्हणजे ‘हाय’वर बऱ्यापैकी भरवसा. पण उलट बाजूनं बघा: ज्यांना गुठळी होती, त्यांच्यात ‘हाय’ आलेले शंभरात फक्त ४१. बाकीचे मधल्या नाहीतर ‘लो’च्या खान्यात पडले. म्हणून ‘लो’ म्हणजे ‘नाही’ असं मराठीत लिहिणं धोक्याचं. नॉर्मल मात्र खरोखर ‘नाही’. आता बरेच जण तीनच उत्तरं देतात: आहे, नाही, सांगता येत नाही. मला तेच आवडतं, पण आमचे साहेब अजून जुन्या भाषेत लिहितात.

निवृत्त_मास्तर
‘शक्यता कमी’ वाचून माणूस घरी जाऊन झोपतो. ‘संभाव्यता’ लिहिलंत तर निदान दोनदा वाचतो.

तात्या_सांगलीकर
दोनदा वाचूनही कळत नाही, मास्तर.

शेवंती
गामा, एक राहिलं. आज काकांकडून कळलं की मावशीला सहा वर्षांपूर्वी पायात गुठळी झाली होती, तेव्हाही थोडी धाप होती. औषध सहा महिने घेतलं. याचा काही संबंध?

गामा
आहे, आणि हे डॉक्टरांना आजच सांगा. स्कॅनवर रिकामी जागा ताजी की जुनी हे एका चित्रावरून कळत नाही. बहुतेकांच्या गुठळ्या विरघळतात, पण काहींच्या भिंतीला चिकटून राहतात आणि मिसमॅच वर्षानुवर्षं तसाच दिसतो. तेव्हाचा स्कॅन मिळाला तर शेजारी ठेवून बघता येईल, जे नवीन दिसेल ते या वेळचं. ऑपरेशननंतर नवव्या दिवशी अचानक धाप, हे ताज्याच्या बाजूनं बोलतं. पण तिन्ही ताज्या आहेत असं मी लिहून देणार नाही. इको झाला असेल तर हृदयाच्या उजव्या बाजूवरचा दाब किती, तेही विचारा. दाब बराच जास्त आणि उजवी भिंत जाड झालेली असेल तर जुन्या दुखण्याचा संशय वाढतो. तीनेक महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा का, तेही विचारून ठेवा.

तोवर रक्त पातळ करायचं औषध कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. मूत्रपिंडामुळे कुठलं आणि किती, ते तिथलेच ठरवतील.

शेवंती
वहीत आता असं लिहिलंय, बघा:
‘उजव्या फुफ्फुसात खाली दोन आणि डाव्या फुफ्फुसात एक, अशा तीन पाचरीसारख्या जागी हवा पोचते, पण रक्त पोचत नाही. असं बहुतेक वेळा गुठळीमुळे होतं. डाव्या शेंड्याला एका लहान जागी हवा आणि रक्त दोन्ही कमी आहे, ते गुठळीचं लक्षण नाही. गुठळी नवी की जुनी हे या तपासणीतून कळत नाही.’
‘गाठ’ लिहिणार होते, पण काकांना कॅन्सर वाटला असता, म्हणून ‘गुठळी’.

निवृत्त_मास्तर
‘विजोड’ कुठे गेला?

शेवंती
काकांना लग्न आठवलं असतं, मास्तर.

गामा
उत्तम. शेवटून दुसऱ्या वाक्यात ‘ते बहुधा गुठळीचं लक्षण नाही’ करा. आणि जुना स्कॅन?

शेवंती
माळ्यावरून एक पाकीट निघालं. आत मणक्याचा एक्स-रे आणि २०११ची वीजबिलं. उद्या जुन्या दवाखान्यात जाऊन विचारते.