सल्ला हवा: सिमिलर मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू सारख्याच का, हे सेमिनारमध्ये कसं सांगू?

फोंड्याची_एसवाय
नमस्कार. मी फोंड्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या शुक्रवारी वर्गात १५ मिनिटांचा सेमिनार द्यायचाय आणि विषय वाट्याला आलाय तो शीर्षकात लिहिलाय. पुस्तकातली सिद्धता मला येते:

```
B = P⁻¹AP
det(B − λI) = det(P⁻¹(A − λI)P) = det(A − λI)
```

P आणि P⁻¹ चे डिटरमिनंट एकमेकांना खातात, झालं. फळ्यावर दोन मिनिटांत लिहून होईल. पण कुणी विचारलं, "मॅट्रिक्समधले सगळे आकडे बदलले, मग हे दोनच कसे टिकले?" तर माझ्याकडे उत्तर नाही. बेसिस बदलला की नक्की काय बदलतं, हे एखाद्या उदाहरणावर दाखवायचंय. कुठलं घेऊ? आणि सिद्धता आधी सांगू की उदाहरण?

मडगाव_६०१
एवढा विचार कशाला करतेस? कुठलीही २×२ मॅट्रिक्स घे, रो ऑपरेशन करून खालचा कोपरा शून्य कर. मग डायगोनलवर उरतात त्याच आयगेनव्हॅल्यू. रो ऑपरेशन म्हणजे शेवटी इन्व्हर्टिबल मॅट्रिक्सने गुणणंच. तेच तुझं P. एका रोमध्ये दुसरीचा गुणाकार मिळवला तर डिटरमिनंटही बदलत नाही. दहा मिनिटांत सेमिनार तयार.

म्हापशेकर_पालक
आमच्या मुलालाही बारावीला मॅट्रिक्स आहेत, इन्व्हर्स काढताना तो फार चुकतो. म्हापशात किंवा पर्वरीला कुणी चांगले शिकवणारे माहीत असतील तर कृपया कळवा.

जुना_मास्तर
म्हापशेकर, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे लोक नक्की सांगतील. इथे मुलीचा प्रश्न निराळा आहे.

बाय, उदाहरण आधी सांग, सिद्धता मागाहून. हे घे. एका माणसाचा भाड्याने स्कूटर द्यायचा धंदा आहे, एक ठाणं पणजीत आणि एक मडगावात. गिऱ्हाइकाने एकीकडे घेतलेली गाडी दुसरीकडे सोडली तरी चालते. समज, रोज पणजीतल्या गाड्यांपैकी १० टक्के मडगावात जाऊन राहतात आणि मडगावातल्या २० टक्के पणजीत येतात. पणजीचा आकडा x, मडगावचा y. आजच्या आकड्यांवरून उद्याचे काढणारी मॅट्रिक्स अशी:

```
A = [ 0.9  0.2 ]
    [ 0.1  0.8 ]
```

हिच्या आयगेनव्हॅल्यू १ आणि ०.७. त्यांचा अर्थ गाड्यांतच दिसतो. एकूण ३०० गाड्या असतील तर पणजीत २०० आणि मडगावात १०० झाल्या की आकडे हलत नाहीत, कारण पणजीच्या १० टक्के म्हणजे २० जातात आणि मडगावच्या २० टक्के म्हणजे २० येतात. तो झाला १. आता पहिल्या दिवशी सगळ्या ३०० पणजीतच ठेव. दुसऱ्या दिवशी तिथे २७०, मग २४९, मग २३४.३. दोनशेच्या वर किती जास्त आहेत ते बघ: १००, ७०, ४९, ३४.३. ही जास्तीची भर रोज ०.७ पट होते. तो झाला ०.७.

आता मालकाने दुसरा कारकून नेमला. त्याची वही वेगळी. तो मडगावचा आकडा लिहीतच नाही, फक्त एकूण गाड्या s आणि पणजीतल्या x लिहितो. मडगाव लागलं तर वजाबाकी करतो. त्याच्या वहीत उद्याचं गणित असं होतं: एकूण तेवढेच, आणि पणजी = ०.९x + ०.२(s − x), म्हणजे ०.२s + ०.७x.

```
B = [ 1    0   ]
    [ 0.2  0.7 ]
```

A आणि B शेजारी ठेवून बघ, चारही जागी आकडे वेगळे. पण गाड्या त्याच आहेत आणि रस्ताही तोच. पणजीतली जास्तीची भर या वहीतही १००, ७०, ४९ अशीच उतरणार, कारण ती वहीत ठरत नाही, रस्त्यावर ठरते. म्हणून ०.७ टिकतो.

बदललं काय? आयगेनव्हेक्टरचे आकडे. पहिल्या वहीत स्थिर जोडी (२, १) होती, दुसऱ्या वहीत तीच (३, २) लिहिली जाते. B ला (३, २) देऊन बघ, (३, २) च परत येतं.

फोंड्याची_एसवाय
सर, करून बघितलं! दुसरी जोडी पण घेतली. पहिल्या वहीत (१, −१), म्हणजे पणजीत एक जास्त आणि मडगावात एक कमी. दुसऱ्या वहीत एकूणात फरक शून्य, म्हणून (०, १). B ने त्याचं (०, ०.७) होतं. P असं आलं आणि P⁻¹AP गुणून तंतोतंत B मिळालं:

```
P = [ 0   1 ]      P⁻¹ = [ 1  1 ]
    [ 1  −1 ]            [ 1  0 ]
```

आधी मी PAP⁻¹ केलं होतं आणि B येईना. मग लक्षात आलं की उजवीकडचं P नव्या वहीतले आकडे जुन्या वहीत आणतं, मध्ये A एक दिवस पुढे नेतं, आणि डावीकडचं P⁻¹ परत नव्या वहीत लिहितं. उजवीकडून डावीकडे वाचायचं.

आता एक शंका. मडगाव_६०१ म्हणतात तसं याच A वर रो ऑपरेशन केलं. पहिल्या रोचा नववा भाग दुसरीतून वजा केला. डायगोनलवर ०.९ आणि ०.७७७… आले. १ आणि ०.७ आले नाहीत. माझी बेरीज चुकली का?

जुना_मास्तर
बेरीज बरोबर आहे, पद्धत चुकीची आहे. मडगाव_६०१ यांचं निम्मं खरं: डिटरमिनंट टिकतो, ०.९ × ०.७७७… = ०.७. पण ट्रेस बघ. आधी १.७ होता, आता १.६७७…. ट्रेस म्हणजे आयगेनव्हॅल्यूंची बेरीज. ती हलली म्हणजे आयगेनव्हॅल्यूही हलल्या. पेपरात शंका आली तर आधी ट्रेस तपासायचा, डायगोनलची बेरीज करायला वेळ लागत नाही.

कारण वहीच्याच भाषेत सांगतो. रो ऑपरेशन म्हणजे फक्त डावीकडून गुणणं, EA. आजचे आकडे जुन्या वहीतून घेतले आणि उद्याचे नव्या वहीत लिहिले. मग "उद्या आजच्या किती पट" याला अर्थच राहत नाही, कारण आज एका मापात आणि उद्या दुसऱ्या मापात. आयगेनव्हॅल्यू म्हणजे तीच पट. त्यामुळे आत येणारं आणि बाहेर जाणारं, दोन्ही एकाच वहीत हवं.

आता अर्धवट राहिलेलं काम पुरं कर. उजवीकडून E⁻¹ ने गुण, म्हणजे दुसऱ्या कॉलमचा नववा भाग पहिल्यात मिळव. पहिल्या कोपऱ्यात ०.९२२२… येईल, आणि ०.७७७… धरून बेरीज परत १.७. खालचा कोपरा मात्र पुन्हा शून्य राहणार नाही. रो ऑपरेशनने आयगेनव्हॅल्यू का निघत नाहीत, हे त्या कोपऱ्यातच दिसतं.

मडगाव_६०१
मान्य. मी समीकरणं सोडवायच्या सवयीने लिहिलं, तिथे एका बाजूने गुणून चालतं. पण मग २×२ मध्ये ट्रेस आणि डिटरमिनंट दोन्ही जुळले की मॅट्रिक्स सिमिलर, एवढं तरी म्हणता येईल ना?

जुना_मास्तर
आयगेनव्हॅल्यू जुळल्या असं म्हणता येईल. सिमिलर आहेत असं मात्र नेहमी नाही. डायगोनलवर २, २ आणि बाकी शून्य, ही एक मॅट्रिक्स. दुसरी तीच, फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात १. दोन्हींचा ट्रेस ४, डिटरमिनंट ४. पण पहिली म्हणजे 2I, आणि P⁻¹(2I)P कुठल्याही P ला 2I च. सगळं सरसकट दुप्पट करणारी गोष्ट कुठल्याही वहीत तशीच दिसते, ती दुसरी मॅट्रिक्स कधीच होणार नाही. दोन आयगेनव्हॅल्यू वेगवेगळ्या असतील तर मात्र तुमचं म्हणणं खरं ठरतं.

बाय, तुझ्या सिद्धतेतली खरी पायरी हीच आहे. λI कुठल्याही वहीत λI च राहतो, म्हणून तो P⁻¹ आणि P च्या मध्ये ढकलता येतो. डिटरमिनंट खोडण्यापेक्षा या पायरीवर थांब, वर्गाला तिथेच वेळ दे.

वास्को_स्ट्रक्चर
माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितोय. मी इमारतींच्या फ्रेमचं डिझाइन करतो. एका दोन मजली फ्रेमचे को-ऑर्डिनेट बदलले. आधी प्रत्येक मजल्याचं जमिनीपासूनचं सरकणं घेतलं होतं, मग वरच्या मजल्याचं खालच्याच्या तुलनेत. स्टिफनेस मॅट्रिक्सला PᵀKP केलं, जसं नेहमी करतात. आयगेनव्हॅल्यू बदलल्या आणि फ्रिक्वेन्सी चुकल्या. मग बेसिस बदलून काही बदलत नाही, हे कसं मानू?

जुना_मास्तर
सर, तुमच्या Pᵀ मध्येच उत्तर आहे. PᵀKP आणि P⁻¹KP एक नव्हेत, P ऑर्थोगोनल असेल तेव्हाच ते सारखे होतात. K सरकण्यातून सरकणं देत नाही, सरकण्यातून बल देतो, त्यामुळे त्याचा नियम वेगळा. एकट्या K च्या आयगेनव्हॅल्यू टिकाव्यात अशी अपेक्षाच नको. फ्रिक्वेन्सी येते ती K आणि मास मॅट्रिक्स M या जोडीतून, म्हणजे M⁻¹K मधून. M लाही PᵀMP केलं होतं का? दोन्ही बदलले की Pᵀ आपोआप कटतो:

```
(PᵀMP)⁻¹(PᵀKP) = P⁻¹(M⁻¹K)P
```

हे परत सिमिलरच, त्यामुळे फ्रिक्वेन्सी त्याच यायला हव्यात.

वास्को_स्ट्रक्चर
M बदलला होता असं वाटतंय, पण प्रोग्राम दोन्ही मजल्यांचं वजन परत डायगोनलवरच टाकतो. तुलनेच्या को-ऑर्डिनेटमध्ये M डायगोनल राहायला नको, बरोबर ना? कदाचित चूक तिथेच असेल. फाइल ऑफिसात आहे, सोमवारी उघडून बघतो.

फोंड्याची_एसवाय
सर, देव बरें करूं. आता क्रम असा ठरवलाय: दोन वह्या, मग १००, ७०, ४९ हे आकडे दोन्ही वह्यांतून, मग एका बाजूचं रो ऑपरेशन करून ट्रेस बिघडतो ते दाखवायचं, आणि सिद्धता शेवटी. 2I वालं उदाहरण कुणी विचारलं तरच.

एकच राहिलं. तिसऱ्या कारकुनाने s आणि x − 2y लिहिलं तर? मी करून बघितलं, x − 2y दुसऱ्या दिवशी बरोबर ०.७ पट होतं आणि s तसाच राहतो. म्हणजे त्याची मॅट्रिक्स सरळ डायगोनल, १ आणि ०.७. अशी वही प्रत्येक मॅट्रिक्सला मिळते का?

जुना_मास्तर
नाही मिळत. वर लिहिलेली, कोपऱ्यात १ असलेली मॅट्रिक्सच घे आणि तिच्यासाठी अशी वही शोधायला बस. कुठे अडतेस ते इथेच लिही.