चर्चा: एका राज्यपालांनी नाकारलेली अभियोजन मंजुरी दुसऱ्यांनी दिली, मग न्यायालयाने ती का उडवली?

मंदार ठाणेकर: मुंबईतल्या आदर्श सोसायटी प्रकरणात माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाणांवर खटला भरायला राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी डिसेंबर २०१३ मध्ये नकार दिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये सी. विद्यासागर राव यांनी मंजुरी दिली, ती डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. मंजुरी देणं हा राज्यपालांचा अधिकार आहे, तर न्यायालय मध्ये का पडलं? मला हे चुकीचंच वाटतं.

विद्या कुलकर्णी: चव्हाण दोषी की निर्दोष, हे न्यायालयाने पाहिलंच नाही. पाहिलं ते इतकंच की दुसऱ्यांदा निर्णय घेताना राज्यपालांसमोर नवीन काय होतं. नाकारलेली मंजुरी नंतर देता येते, पण मधल्या काळात तपासात काही नवं हाती लागलं असेल तरच. कागद तेच आणि फक्त सही करणारा बदलला, तर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१० मध्ये हिमाचल प्रदेशच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय.

सीबीआयने नवं म्हणून मुख्यतः दोन गोष्टी दाखवल्या. एक, न्या. पाटील चौकशी आयोगाचा अहवाल. दुसरी, चव्हाणांचं नाव वगळायला नकार देताना उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नोंदवलेली मतं. पण आयोगाचा निष्कर्ष फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही, आणि न्यायालयाचं प्रथमदर्शनी मत हाही पुरावा नव्हे. खटल्यात टिकेल असं नवीन काहीच नाही, म्हणून मंजुरी गेली.

मंदार ठाणेकर: म्हणजे पहिला नकार आपल्या माणसाकडून मिळवला की माणूस कायमचा सुटला! हे तुम्हाला पटतं?

विद्या कुलकर्णी: नाही पटत. पण त्यावर उपाय होता. पहिल्या नकारालाच उच्च न्यायालयात आव्हान द्यायचं. सगळी फाइल प्राधिकाऱ्यासमोर होती का, महत्त्वाचा पुरावा दुर्लक्षित झाला का, नकाराची कारणं नोंदवली आहेत का, हे न्यायालय तपासतं आणि चूक दिसली तर फेरविचाराला पाठवतं. सीबीआयने ते केलं नाही. उलट नकार मिळाल्यावर चव्हाणांचं नाव वगळा म्हणून तीच न्यायालयात गेली! माझा राग त्यावर आहे, २०१७ च्या निकालावर नाही.

रवी पाटील, सांगली: हे सगळं जुनं झालं. आता १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळालीच असं धरतात. लाचेच्या केसलाही तेच.

विद्या कुलकर्णी: पहिलं बरोबर, पण ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ पुरतं. लाचेच्या केसला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १९ लागतं. तिथे तीन महिने आणि कायदेशीर सल्ला घ्यायचा असेल तर आणखी एक महिना, पण मुदत संपली म्हणून मंजुरी आपोआप मिळत नाही. मुदत पाळणं बंधनकारक आहे, उशीर करणाऱ्याला जबाब द्यावा लागेल, मात्र उशिरामुळे खटला रद्द होणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. शिवाय १२० दिवसांची तरतूद गप्प बसणाऱ्यासाठी आहे. लेखी नकार आला तर तिचा उपयोग नाही.

सुनंदा: ताई, माझ्या तक्रारीवरून सापळा लागला आणि कारकून पकडला गेला. तपास झाला, पण मंजुरीचा प्रस्ताव त्यांच्या खात्यात वर्षभर पडून आहे. तो कामावर परत आलाय, मला रोज त्याच खिडकीवर जावं लागतं. हायकोर्ट त्यांना मंजुरी द्यायला लावेल का?

विद्या कुलकर्णी: सुनंदाताई, मंजुरी द्याच असा आदेश मागू नका, तो उलटतो. गुजरातमध्ये एका लेखापालाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने महिन्याभरात मंजुरी द्या असं सांगितलं. सचिवांनी दिली, शिक्षाही झाली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरीच अवैध ठरवली, कारण सचिवांना नाही म्हणायची मोकळीकच उरली नव्हती. इतकी वर्षं गेली म्हणून नव्याने खटलाही चालवू दिला नाही. तुम्ही रिट याचिकेत अमुक तारखेपर्यंत निर्णय घ्या, इतकंच मागा. त्याआधी प्रस्ताव नेमका कोणाच्या टेबलावर अडकलाय, ते तपास अधिकाऱ्याकडून काढा.

निवृत्त बीडीओ: मंजुरीला सगळे शिव्या घालतात. बिल अडवलं की ठेकेदार दुसऱ्या दिवशी खोटी तक्रार करतो, हे मी भोगलंय. ही चाळणी नसती तर कोणी सही केली नसती. आणि सरकार बदललं की जुनी फाइल उघडायची, हे थांबवणारा २०१७ चा निकाल मला तरी योग्य वाटतो.

मंदार ठाणेकर: साहेब, बिल अडवणाऱ्याला संरक्षण हवं, मान्य. पण आदर्शमधला आरोप जादा बांधकामाला मंजुरी देऊन त्या बदल्यात नातेवाइकांना फ्लॅट घेतल्याचा होता. तो खरा की खोटा हे साक्षीपुरावे घेऊन ठरायला हवं होतं. मंजुरीच्या टप्प्यावरच ते अडतं, यावर विद्याताईंचंही उत्तर फक्त सीबीआय चुकली इतकंच आहे. तपास यंत्रणा मुद्दाम आव्हान देत नसेल, तर सामान्य माणसाने काय करायचं?

विद्या कुलकर्णी: तक्रारदारालाही नकाराविरुद्ध जाता येतं. पण आदर्शसारख्या प्रकरणात नकाराची फाइल पाहायला मिळाल्याशिवाय तो कशाच्या आधारावर भांडणार, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडेही नाही.