अनुभव धागा: बांगड्या, कुंकू आणि आपल्या घरातल्या बायका

कळवेकरीण
काल भाचीचा हिरवा चुडा घ्यायला जांभळी नाक्याला गेलो होतो. आईही होती बरोबर. कासारदादांनी भाचीचा हात दाबून बघितला, "दोन-चार बसेल" म्हणाले आणि आईकडे वळून, "आजी, तुम्हालाही भरू का?" आईने हात पदराखाली घेतला. एवढंच झालं. रात्री मला झोप लागली नाही.

बाबा १९९८ साली गेले, तेव्हा आई ३८ वर्षांची. दहाव्याला आत्याने तिला मोरीजवळ बसवलं. बांगड्या लग्नानंतर दोन-चार मापाच्या भरलेल्या, मग हात भरत गेला आणि त्या मनगटावरच राहिल्या. साबण लावून निघेनात म्हणून वरवंट्याने फोडल्या. एक काच आत गेली. त्याची खूण अजून आहे, भाकरी थापताना दिसते. आणि सगळ्या म्हणत होत्या "वाढवल्या". मी बारा वर्षांची, मला वाटलं अजून भरणार आहेत.

तुमच्या घरी काय झालं, काय बदललं, लिहा ना.

नेरूळची_सून
वाचून पोटात कालवलं गं. आईंना माझा नमस्कार सांग.

घणसोलीकर_वहिनी
आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी सासरे गेले. सासूबाईंचं असं होऊ द्यायचं नाही हे मी आणि धाकट्या जावेने तिसऱ्या दिवशीच ठरवलं. दहाव्याच्या दिवशी बोललो असतो तर कुणी ऐकलं नसतं. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, जिचं गेलंय तिला भान नसतं आणि जी पुढे सरसावेल तिचंच चालतं. आधी गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "पिंडदानाचं माझ्याकडे, बांगड्यांचं तुमच्या बायकांचं. माझ्या विधीत ते येत नाही." मग थोरल्या आत्येसासूबाईंकडे गेलो, कारण त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नाही. त्यांना विरोध करायला नाही, "आत्या, तुम्हीच सांगा सगळ्यांना" म्हणायला गेलो. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वेळी कुणी नव्हतं सांगायला."

दहाव्याला त्या स्वतः सासूबाईंच्या शेजारी बसल्या, हात हातात धरून. कुणी जवळ आलं नाही. मंगळसूत्र मात्र सासूबाईंनी आठवड्याने आपणच काढून कपाटात ठेवलं. आम्ही काही बोललो नाही. त्यांचं त्या ठरवतील.

ऐरोलीकर
आता कायदाच झालाय ना याच्यावर? २०२२ ला. पोलिसांत तक्रार करता येते.

घणसोलीकर_वहिनी
@ऐरोलीकर दादा, कायदा नाही. कोल्हापुरात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढलं, की बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हे करावं. म्हणजे आवाहन. शिक्षा नाही. आणि आपण महापालिकेत राहतो, आपल्याला कुठली ग्रामसभा? इथे घरातल्यांनीच उभं राहायचं.

ऐरोलीकर
अच्छा, मला वाटलं दंड वगैरे आहे. पण त्यामागे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे होते ना? त्यांनी शंभरच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं होतं, माझ्यामागे माझ्या बायकोवर हे लादू नका म्हणून. ते वाचल्यावर मीही लिहून ठेवलंय. बायको चिडली, "मरणाचं काय लिहिता!" दोन दिवस अबोला. मग म्हणाली, तुमच्या आईला दाखवा, मला नको. दाखवलं. आई म्हणाली, बघू.

वाशी_सेक्टर१७
बघू म्हणजे नाही 😄 माझ्या आईचंही असंच आहे.

ठाणे_पूर्व
माझं थोडं वेगळं आहे, चालेल का इथे? नवरा आहे, तरी मला ऐकावं लागतं. तीन वर्षांपूर्वी कपाळावर टिकलीच्या जागी बरोबर गोल पांढरा डाग आला. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने काहींच्या त्वचेचा रंग जातो, चिकटवायची टिकली बंद. आधी तिथे खाज यायची, मी दुर्लक्ष केलं, ब्रँड बदलत राहिले. खाज आली की तेव्हाच थांबा गं, माझी चूक करू नका. बंद केल्यावर डाग वाढायचा थांबला, पण रंग अजून पूर्ण भरलेला नाही.

आता कपाळ मोकळं, तर बिल्डिंगमधल्या काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, "अगं, घरी सगळं ठीक ना?" सासूबाई रोज म्हणतात नवऱ्याच्या आयुष्याचं बघ. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तरी.

नेरूळची_सून
मेणावर पिंजर लाव ना, माझी आजी तसंच लावायची. गोंदच नाही त्यात.

ठाणे_पूर्व
विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले डाग भरेपर्यंत तिथे काहीच नको, बाजारच्या कुंकवात काय घालतात कळत नाही. आणि खरं सांगू, आता मला लावावंसंही वाटत नाही. हे अजून घरी बोलले नाहीये.

खारीगाव_आजी
मी ७१. हे जाऊन नऊ वर्षं झाली. मुलाने काही काढू दिलं नाही मला. पण संक्रांतीनंतर सोसायटीत हळदीकुंकू असतं, रथसप्तमीपर्यंत कुठे ना कुठे रोज. मी दार लोटून बसायची. समोरची मुलगी वाण घरी आणून द्यायची, चोरून दिल्यासारखं. यंदा तिनेच पत्रिकेत "सर्व महिलांना" असं छापलं. गेले. दोघी उठून गेल्या. एकीने माझ्या कपाळाला कुंकू लावताना बोट मागे घेतलं आणि हळदच लावली. मग समोरच्या मुलीने कुंकू लावलं. वाण म्हणून स्टीलची गाळणी मिळाली. रोज चहा त्यातनंच गाळते.

वाशी_सेक्टर१७
आजी 🙏 त्या दोघी पुढच्या वर्षी येतील.

खारीगाव_आजी
नाही आल्या तरी चालेल बाळा. मी जाणार आहे.

लॅबवाली
कामावर हातात काहीच घालता येत नाही, हातमोजे फाटतात. आठ तास मोकळा हात. ठाणे स्टेशनला उतरले की पर्समधल्या बांगड्या घालून मग रिक्षा करते. दहा वर्षं हेच. कुणी सांगितलेलं नाही, सासूबाई काही म्हणतही नाहीत. तरी घालते. आज वाचून पहिल्यांदाच विचार केला, का ते.

ऐरोलीकर
जांभळी नाक्याला गाडी कुठे लावता? आमच्याही घरी लग्न आहे.

नेरूळची_सून
गाडी नेऊच नका दादा. स्टेशनवरून चालत.

नेरूळची_सून
@कळवेकरीण पुढे काय झालं? आईंना भरल्या का बांगड्या? परत घेऊन जा त्यांना, मी येते बरोबर.

कळवेकरीण
आज विचारलं. मी म्हटलं, आई, तुला हव्यात का? म्हणाली, "काचेच्या नकोत. मला तो आवाज नको आता." मला वाटलं लोकांना घाबरते, म्हणून मी समजावत बसले. तर म्हणाली, "लोकांचं नाही गं. तुला नाही कळायचं." मग मी गप्प बसले. हेरवाडचं वाचून दाखवलं ते मात्र नीट ऐकलं. त्या गावात बायका ग्रामसभेला होत्या का, विचारत होती.

चुडा भरताना आईने भाचीजवळ बसायचं ठरलंय. भाचीच म्हणाली, आजी नसेल तर मी हात पुढे करणार नाही. आत्या येणार आहे लग्नाला. ८२ वर्षांची आहे आता, तिच्याशी काय बोलायचं मला सुचत नाही.

घणसोलीकर_वहिनी
आत्यांच्या वेळी कुणी फोडल्या होत्या, ते विचारून बघ.

कळवेकरीण
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कुकर लावलाय, रात्री लिहिते.