मदत हवी आहे: सध्या नोकरी बदलायची नाही, तरी चांगल्या रिक्रूटर्सच्या संपर्कात कसं राहायचं?

पुण्यात बॅकएंड डेव्हलपर आहे, नोटीस पीरियड 90 दिवस. मागच्या वेळी नोकरी शोधताना तीन रिक्रूटर्स फार चांगल्या भेटल्या. बजेट आधीच सांगायच्या, नकार आला तरी फोन करून कारण कळवायच्या. अशी माणसं दुर्मिळ, म्हणून हा संपर्क तुटू द्यायचा नाहीये.

दिवाळीला नुसत्या शुभेच्छा पाठवल्या, तर उत्तरात फक्त हात जोडलेला इमोजी आला. मग एकीला लिहिलं, "आता पेमेंट्सच्या टीमचं लीड करतोय, काम कॉटलिनमध्ये आहे." तासाभरात तिचा मेसेज: "अपडेटेड सीव्ही, करंट सीटीसी आणि एक्स्पेक्टेड पाठवा." शोधत नाही म्हटल्यावर ती गप्पच झाली.

मधे त्यांच्या दोन जागांसाठी ओळखीतली माणसं सुचवली, तेव्हा मात्र छान बोलणं झालं. पण दरवेळी सुचवायला कोणी नसतं.

एक अडचण: तिघींपैकी एकीची कन्सल्टन्सी आमच्या कंपनीसाठीही भरती करते, त्यामुळे तिला लेखी काय कळवावं याची धास्ती वाटते. नोकरीच्या पोर्टलवरचं प्रोफाइल मुद्दाम अपडेट करत नाही, कारण लगेच भलतेच फोन सुरू होतात.

जे स्वतः रिक्रूटर आहेत त्यांनी सांगा: वर्षातून एक-दोनदाच लिहायचं, तर त्या चार ओळींत काय असलं की तुम्ही माणूस लक्षात ठेवता, पण लगेच सीव्ही मागत नाही?