मदत हवी आहे: ‘आमच्याबद्दल’ पानावर खरं किती लिहावं?

आम्ही वेंगुर्ल्याच्या चौघीजणी कोकमाचं आगळ, आमसुलं आणि कुळथाची पिठी विकतो. वेबसाइटवाल्याने लिहून दिलंय, ‘आजीच्या हातची पारंपरिक चव’. असं तर सगळेच लिहितात, आणि आमच्या आज्या पिठी विकत नव्हत्याच!

खरी गोष्ट अशी, की गणपतीला आलेले चाकरमानी परतताना माझ्या सासूबाईंकडे पिठी मागायचे. एका वर्षी एकीने जबरदस्तीने पैसे ठेवले, तिथून धंदा सुरू झाला. कुळीथ आम्ही घरी भाजतो, जात्यावर भरडून साल पाखडतो, पण बारीक दळण आता गिरणीत. हे लिहिलं तर गिऱ्हाईक बिचकेल का? ‘भाजणं-भरडणं आमचं, दळण गावच्या गिरणीचं’ असं एक वाक्य मला पुरेसं वाटतं.

आणि पिठीचं प्रमाण शेजारच्या काकूंचं आहे. त्यांना नाव छापायचं नाही. मग श्रेय कसं द्यावं?