‘त्यांनी’ म्हणजे नक्की कोणी? (ऐकण्यासाठी लिहिताना)

कानसेन:
ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या एका मजकुरात हे वाक्य होतं:

‘संचालकांनी लेखापालांना त्यांच्या खोलीत बोलावून त्यांनी तयार केलेला अहवाल वाचून दाखवल्यावर त्यांनी त्यावर सही करायला नकार दिला.’

ज्यांना ऐकवलं त्यांच्यापैकी काहींना वाटलं नकार संचालकांनी दिला, काहींना वाटलं लेखापालांनी. अहवाल कोणाचा यावरही एकमत नाही. कागदावर डोळे मागे नेऊन अर्थ लावता येतो, कानाला ती सोय नाही. हे वाक्य कसं मोडाल? लेखकाच्या मनातलं सांगतो: अहवाल संचालकांचा, खोली संचालकांची, नकार लेखापालांचा. लेखापाल बाई आहेत.

शुद्धमती:
यात बिघडलंय काय? ‘त्यांनी’वर अनुस्वार दोन्ही ठिकाणी बरोबर आहे. एका माणसाला ‘त्याने’, अनेकांना किंवा आदरार्थी ‘त्यांनी’. लोक ‘त्यानी’ लिहितात ते मात्र चूक.

कानसेन:
प्रश्न शुद्धलेखनाचा नव्हता. पण तुमच्या बोलण्यातून एक गोष्ट सुचली. बोलताना बरेच जण ‘त्याने’ला ‘त्यानी’च म्हणतात आणि ‘त्यांनी’मधलं नाकातलं अक्षर जेमतेम ऐकू येतं. म्हणजे एक की अनेक, हा कागदावरचा फरकही कानापर्यंत पोचेलच असं नाही.

मीठमिरची:
सोपं आहे. कर्त्याचं असेल तिथे ‘आपला’ घाला आणि दुसऱ्याचं असेल तिथे ‘त्यांचा’. ‘संचालकांनी लेखापालांना आपल्या खोलीत बोलावले’, म्हणजे खोली संचालकांची. झालं.

पूर्णविराम:
या वाक्यापुरतं बरोबर. पण क्रियापद जरा बदला: ‘संचालकांनी लेखापालांना आपल्या खोलीत बसायला सांगितले.’ आता खोली कोणाची? सांगणारे संचालक, बसणाऱ्या लेखापाल, आणि ‘आपल्या’ दोघांकडेही जाऊ शकतं. वाक्यात दुसरी क्रिया लपलेली असली की ‘आपला’चा भरवसा जातो. वर श्रोत्याला ‘आपल्या खोलीत’ म्हणजे ‘तुमच्या-माझ्या खोलीत’ असंही वाटू शकतं, निवेदक मधूनमधून श्रोत्यांशी बोलत असेल तर फारच. मी ‘स्वतःच्या’ लिहितो. लपलेल्या क्रियेचा घोळ त्यानेही सुटत नाही, पण ‘तुमच्या-माझ्या’चा तरी सुटतो.

आता मूळ वाक्याकडे. ‘बोलावून’पर्यंत काही धोका नाही, कारण ‘-ऊन’ आलं की पुढची क्रियाही बहुतेक त्याच माणसाची असते. गडबड ‘दाखवल्यावर’पाशी होते. ‘-ल्यावर’नंतर कर्ता तोच राहू शकतो किंवा बदलू शकतो, आणि दोन्ही मराठीत चालतं. ‘वाचून दाखवून सही करायला नकार दिला’ असं असतं तर नकार संचालकांचाच ठरला असता. त्यामुळे ‘-ल्यावर’, ‘-ताना’ दिसलं की मी आधी थांबतो. ‘मला तो जाताना दिसला’ यात जात कोण होतं?

मीठमिरची:
तो. मी कशाला जाईन!

पूर्णविराम:
मग ‘मला तो बाजारात जाताना दिसला, म्हणून पिशवी घ्यायला परत आलो’?

मीठमिरची:
बरं, हरलो.

दस्तलेखक:
आमच्या धंद्यात हा प्रश्न कधीच सुटलाय. खरेदीखतात ‘त्यांनी त्यांना’ लिहिलं तर भांडणं कोर्टात जातील. म्हणून ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशी नावं ठरवतो आणि शेवटपर्यंत सर्वनाम वापरत नाही. ‘लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना कब्जा दिला.’ संदिग्धतेला जागाच नाही.

कानसेन:
कागदावर चोख आहे. पण हेच मोठ्याने वाचलं तर ‘लिहून’ दोघांना सारखं आणि फरक फक्त ‘देणार’-‘घेणार’ एवढा. दोन ओळींनंतर ऐकणाऱ्याला कोण कुठला ते आठवत नाही. कानासाठी नावं सुरुवातीलाच वेगळी वाजायला हवीत. ‘संचालक’ आणि ‘लेखापाल’ त्या मानाने बरे.

दस्तलेखक:
ते खरं. दस्त वाचून दाखवताना लोक मध्येच विचारतात, ‘म्हणजे मी कुठला?’

पूर्णविराम:
नाव परत घेणं हाच पहिला उपाय, पण मराठीत आणखी एक वाट आहे. ‘त्यांनी’ या रूपातून बाई की पुरुष कळत नाही. त्यात भूतकाळी ‘-नी’ आलं की क्रियापद बहुतेक वेळा कर्माच्या मागे जातं. ‘त्यांनी सही केली’ यातली ‘केली’ सहीमुळे आहे, सही करणारा पुरुष असला तरी. अर्धवट लक्ष देऊन ऐकणाऱ्याला मात्र त्या ‘केली’तून बाई दिसू शकते.

म्हणून दोन व्यक्तींपैकी एक बाई आणि एक पुरुष असेल तर क्रियापदच बदलायचं. ‘म्हणणे’, ‘विसरणे’, ‘जिंकणे’, ‘शिकणे’ ही क्रियापदं भूतकाळातही कर्त्याबरोबर चालतात. ‘त्यांनी सांगितले’मधून काही कळत नाही, ‘त्या म्हणाल्या’ म्हटलं की एकदम कळतं. ‘त्यांनी नकार दिला’ऐवजी ‘त्या तयार झाल्या नाहीत’. दोघेही पुरुष किंवा दोघीही बायका असतील तर ही वाट बंद, तिथे नावच घ्यावं लागतं.

सगळं मिळून मी असं करीन:

‘अहवाल संचालकांनी तयार केला होता. त्यांनी लेखापाल बाईंना स्वतःच्या खोलीत बोलावले आणि तो वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर बाई सही करायला तयार झाल्या नाहीत.’

‘त्यांनी’ एकदाच आहे, आणि ते कानावर पडेपर्यंत फक्त संचालकांचंच नाव झालेलं आहे. ‘तो’ निर्धास्त ठेवलाय, कारण संचालकांना आपण ‘ते’ म्हणतो, ‘तो’ नाही. ‘झाल्यावर’ही ठेवलंय, पण त्याच्या पाठोपाठ लगेच ‘बाई’ आहे.

कथाकार:
पण हे सरकारी टिपणासारखं झालं. तीन वाक्यं, प्रत्येकात कर्ता मोजून मापून. मूळ वाक्यात एक ओढ होती, नकार अगदी शेवटी यायचा.

पूर्णविराम:
नकार अजूनही शेवटीच येतो की. फक्त त्याआधी कान दोनदा थांबून श्वास घेतो.

कथाकार:
कथेत कधी मुद्दाम ‘त्याने’ लिहून कोणी ते झाकायचं असतं. ते पण मोडायचं का?

पूर्णविराम:
झाकायचं असेल तर झाका. पण मग ऐकणाऱ्याला ‘हे कोणी केलं बरं?’ असा प्रश्न पडला पाहिजे. चुकीचा माणूस पक्का धरून तो पुढे गेला तर रहस्य कसलं?

मीठमिरची:
एक शंका. ‘हा’ आणि ‘तो’ वापरले तर? शेवटी आलेला ‘हा’, आधीचा ‘तो’. नावं परत घ्यायला नकोत.

पूर्णविराम:
शेवटी कोण आला हे ऐकणाऱ्याच्या लक्षात असेल तरच चालतं, आणि अडचण तीच आहे. कागदावर मी क्वचित वापरतो, बोलण्यात नाही. शिवाय बोलताना ‘हा’ म्हटलं की समोर उभ्या असलेल्या माणसाकडे हात जातो. तुमचा अनुभव वेगळा असेल तर उदाहरण द्या.

कानसेन:
नवीन रूप दोघांना ऐकवलं. ‘सही कोणी केली नाही?’ याला दोघांनीही लगेच ‘बाईंनी’ म्हटलं. ‘अहवाल कोणाचा?’ यावर एक जण अजून अडखळला, कारण पहिलं वाक्य त्याच्या कानावरून तसंच गेलं. दुसऱ्या वाक्यात ‘तो’ऐवजी ‘स्वतःचा अहवाल’ असं घालून बघतो, पण मग एकाच वाक्यात ‘स्वतःच्या’ आणि ‘स्वतःचा’ लागोपाठ येतात. खोली कोणाची हे गाळलं तर काही बिघडतं का, ते लेखकाला विचारतो.