अनुभव धागा : जर्मनीला आणि जपानला चूक कळवणारा मेल

अहवालाच्या तक्ता 3 मध्ये वजनाचा रकाना रिकामा आलाय आणि तो गुरुवारपर्यंत भरून हवाय. हाच निरोप दोन्ही देशांतल्या सहकाऱ्यांना इंग्रजीत कसा लिहाल? नमुना वाक्यं मराठीत दिलीत तरी चालेल.

रोहिणी : जर्मनीला "जमलं तर एकदा बघाल का" असं लिहू नका. आपल्याला ती नम्रता वाटते, पण वाचणारा 'जमलं तर' हे शब्दशः घेतो आणि काम मागे पडतं. "तक्ता 3 मध्ये वजनाचा रकाना रिकामा आहे. कृपया गुरुवार, 14 मे 2026 रोजी दुपारी 12 पर्यंत (तुमची वेळ) भरून पाठवा." एवढं पुरतं, ते उद्धट वाटत नाही. महिना अक्षरात लिहा. 5/6 हे कुणी 5 जून वाचतं, कुणी 6 मे.

सदानंद : म्हणजे जर्मनांना नमस्कार-चमत्कार लागतच नाहीत. थेट मुद्द्यावर या.

रोहिणी : अर्धंच बरोबर. मुद्दा थेट, पण वर संबोधन आणि खाली निरोपाची ओळ हवीच. समोरचा नुसत्या पहिल्या नावाने सही करेपर्यंत आडनावाने हाक मारा, डॉक्टरेट असेल तर 'डॉ.' लावा. ऊब तिथे ठेवा, चुकीच्या वाक्यात नको.

विनया : 14 मे 2026 बदला! त्या दिवशी 'हिमेलफार्ट' या ख्रिस्ती सणाची सुट्टी आहे, जर्मनीभर. बरेच जण शुक्रवारही जोडून घेतात. बुधवार, 13 मे लिहा.

मकरंद : जपानला हाच मजकूर पाठवलात तर फटकारल्यासारखा वाटेल. आडनावापुढे 'सान', मग सहकार्याबद्दल आभाराची एक ओळ. नंतर : "आमच्याकडे आलेल्या प्रतीत तक्ता 3 चा वजनाचा रकाना रिकामा दिसतोय. तुमच्या प्रतीत आहे का, कृपया तपासाल का? शुक्रवारी आम्हाला अहवाल पुढे द्यायचा आहे, म्हणून गुरुवारपर्यंत मिळाला तर फार मदत होईल." चूक माणसाकडे न जाता प्रतीकडे जाते, मुदत मात्र कारणासकट जागेवर राहते. साहेबांना सीसीत ठेवू नका, चारचौघांत चूक दाखवल्यासारखं होतं.

उत्तरात "विचार करतो" किंवा "थोडं कठीण आहे" आलं, तर ते बहुधा 'नाही' असतं. हो की नाही विचारून कोंडीत पकडू नका. "गुरुवारपर्यंत किती ओळी भरता येतील?" असं विचारा, म्हणजे आकडा मिळतो.

इरफान : आमची टीम नेदरलँड्सची आहे. "हे चूक आहे" एवढीच ओळ येते, वर नमस्कारही नसतो. चिडले असतात का?

मकरंद : बहुधा नाही. शेरा कामावर आहे की माणसावर, ते बघा. कामावर असेल तर दुरुस्ती पाठवा, सफाई देत बसू नका.

सदानंद : पण चॅटवर तरुण जपानी सहकारी पहिल्या नावानेच सही करतात. तिथेही आडनाव-सान?

मकरंद : मी आडनावच ठेवतो.

विनया : मी त्यांचं पहिलं नाव आणि 'सान' लिहिते. कुणाला खटकलेलं दिसलं नाही, पण खटकलं तरी ते सांगणार नाहीत, हेही खरं.